एकच प्रोजेक्ट फाइल, दोन संपादक आणि सिंक फोल्डर: केलेलं काम गायब होतं तेव्हा काय तपासायचं

दोघेजण सिंक होणाऱ्या फोल्डरमधून एकाच मोठ्या व्हिडिओ किंवा डिझाइन फाइलवर काम करू लागले, की काही दिवसांत माझ्याकडे तक्रार येते. मी हा बिघाड बऱ्याच गटांमध्ये निस्तरला आहे. सिंक सेवा वेगळी असते, सॉफ्टवेअर वेगळं असतं, पण मूळ कारण तेच निघतं: फाइल एका वेळी एकाच्याच हातात राहील याची सोय, म्हणजे लॉक, कुणी केलेलीच नसते.

लक्षणं

- काल सेव्ह केलेले बदल आज फाइलमध्ये नाहीत. सहकाऱ्याचे मात्र सगळे जागेवर आहेत.
- फोल्डरमध्ये त्याच नावाची आणखी एक फाइल आली आहे आणि तिच्या नावात `conflicted copy`, `sync-conflict` किंवा कुणाच्या तरी संगणकाचं नाव घुसलं आहे.
- दोन्ही संगणकांवर फाइलचं नाव तेच, पण आकार किंवा सेव्हची वेळ वेगळी.
- फाइल एकाकडे उघडते, दुसऱ्याकडे ‘खराब आहे’ असा संदेश येतो.
- दिवसभर दोघांनाही आपापल्या पडद्यावर सगळं बरोबर दिसतं. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडल्यावरच गडबड कळते.

प्रोजेक्ट नीट उघडतो पण क्लिप सापडत नाहीत, एवढंच होत असेल तर तो हा बिघाड नाही. तिथे दोन संगणकांवरचे फोल्डरचे मार्ग वेगळे असतात, आणि त्याला लॉक लावून काही फरक पडणार नाही.

आधी हे समजून घ्या

‘दोघांनी एकदम सेव्ह केलं तर सिंक सेवा दुसरी प्रत बनवतेच, मग काम कसं हरवेल?’ असं जवळपास प्रत्येकजण विचारतो. दुसरी प्रत बनली तर नशीब चांगलं. खरं नुकसान होतं ते प्रत न बनता.

समजा, एका माहितीपटाची प्रीमियर प्रोची प्रोजेक्ट फाइल १२० एमबीची आहे. एक सहकारी पहिल्या भागाचा ध्वनी बघते आहे, दुसरा शेवटच्या भागाचे रंग. सकाळी १० वाजता दोघांनीही फाइल उघडली. उघडताना सॉफ्टवेअरने ती डिस्कवरून वाचून मेमरीत घेतली. यापुढे दोघे जे काही करतील ते मेमरीत होणार, डिस्कवरच्या फाइलला सेव्ह करेपर्यंत त्याचा पत्ता नसतो.

१०:४० ला ध्वनीवालीने सेव्ह केलं. तिच्या इंटरनेटचा अपलोड वेग सेकंदाला ५ मेगाबिट आहे. १२० एमबी म्हणजे ९६० मेगाबिट, तेव्हा फाइल वर चढायला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. ती रंगवाल्याच्या डिस्कवर उतरली तेव्हा १०:४४ झाले होते. आता त्याच्या डिस्कवर नवी फाइल आहे, पण त्याच्या मेमरीत अजून १० वाजताचीच आहे.

रंगवाल्याने १०:४२ ला सेव्ह केलं असतं, तर सिंक प्रोग्रामला दिसलं असतं की दोघांचे बदल एकाच जुन्या फाइलपासून फुटले आहेत, आणि त्याने वेगळी प्रत ठेवली असती. पण रंगवाल्याने सेव्ह केलं ११:१० ला. त्याच्या मेमरीतला प्रोजेक्ट डिस्कवर अख्खाच्या अख्खा लिहिला गेला. सिंक प्रोग्रामला काय दिसलं? डिस्कवर ताजी फाइल होती आणि तिच्यात आता बदल झाला. म्हणजे ही त्याच्या लेखी पुढची रीतसर आवृत्ती. संघर्ष नाही, दुसरी प्रत नाही, इशारा नाही. ध्वनीचं काम चालू फाइलमधून पुसलं गेलं.

पुढे आणखी वाईट. ध्वनीवालीचं सॉफ्टवेअर उघडंच आहे आणि तिच्या मेमरीत तिचं काम शाबूत आहे. ११:३० ला ती सेव्ह करते आणि रंग पुसले जातात. दिवसभर असं आळीपाळीने चालतं. संध्याकाळी ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं काम राहतं.

काही सॉफ्टवेअर सेव्ह करताना ‘डिस्कवरची फाइल मधल्या काळात बदलली आहे’ असं विचारतात. हा संदेश दिसला की हो म्हणून पुढे जाऊ नका. वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि सहकाऱ्याला फोन लावा.

दोन्ही बदल सिंक सेवेने आपोआप एकत्र का करू नयेत, हाही प्रश्न येतो. प्रीमियरची `.prproj` फाइल ही जिझिपने आवळलेली एक्सएमएल फाइल असते. आत हजारो घटक क्रमांकांनी एकमेकांकडे बोट दाखवतात. दोघांनी वेगवेगळं काही नवीन जोडलं तरी त्यांना एकच क्रमांक मिळू शकतो. त्यामुळे ओळीला ओळ लावून त्या जोडता येत नाहीत. फोटोशॉप किंवा इनडिझाइनची फाइल तर बायनरीच. सिंक सेवेला आतला अर्थ कळत नाही. तिच्यापुढे एकच पर्याय असतो: यातली एक निवडायची.

तपासणी १: फोल्डरमध्ये संघर्षाच्या प्रती शोधा

याला एक मिनिट लागतं आणि खर्च काही नाही. मॅक किंवा लिनक्सवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
find . -iname "*conflict*"
```

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये:

```
Get-ChildItem -Recurse -Filter "*conflict*"
```

ड्रॉपबॉक्स आणि नेक्स्टक्लाउड `conflicted copy` असं नाव देतात, सिंकथिंग `sync-conflict` सोबत तारीख आणि वेळ. वनड्राइव्ह फाइलच्या नावाला संगणकाचं नाव जोडतं, म्हणून ते वरच्या आज्ञेत सापडणार नाही, डोळ्यांनी बघावं लागेल.

अशी प्रत सापडली तर ती कचरा समजून उडवू नका. तिच्यात कुणाचं तरी खरं काम आहे. शिवाय मूळ नावाची फाइल ‘बरोबर’ आणि प्रत ‘चुकीची’ असंही धरू नका. सिंकथिंगमध्ये, उदाहरणार्थ, ज्या फाइलची बदलाची वेळ जुनी तिचं नाव बदललं जातं. एका संगणकाचं घड्याळ मागे असेल तर नंतर केलेलं काम प्रतीत जाऊन बसतं. म्हणून याच टप्प्यावर दोन्ही संगणकांची घड्याळं आपोआप जुळवली जात आहेत ना, तेही बघून घ्या.

प्रती नाहीत म्हणून सुटलो असं समजू नका. वरच्या उदाहरणात एकही प्रत बनली नव्हती.

तपासणी २: आवृत्त्यांचा इतिहास वाचा

सिंक थांबवा, दोघांनीही. मग ब्राउझरमधून त्या फाइलचा आवृत्ती-इतिहास उघडा. बघायचं ते एवढंच: सेव्ह करणाऱ्यांची नावं कशी येतात? दिवसभर एकाचं, मग दुसऱ्याचं, मग पुन्हा पहिल्याचं अशी आलटून पालटून येत असतील आणि मधे कुणी फाइल बंद करून पुन्हा उघडल्याचं आठवत नसेल, तर मूक पुसापुशी झाली आहे. आकारातही खूण दिसते. फाइल वाढत जायच्या ऐवजी दोन आकारांमध्ये हेलकावे खाते.

या तपासणीचं महत्त्व निदानापुरतं नाही. हरवलेलं काम बहुधा इथेच असतं, पण ते कायम राहत नाही. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यात जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात. गुगल ड्राइव्हवर अशा फाइलच्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर जाऊ शकतात. म्हणून संशय आला त्याच दिवशी दोघांची शेवटची आवृत्ती सिंकबाहेरच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या.

इतिहासात नसेल तर ऑटोसेव्हचा फोल्डर बघा. प्रीमियर `Adobe Premiere Pro Auto-Save` या फोल्डरमध्ये त्या त्या संगणकाच्या मेमरीतला प्रोजेक्ट ठेवतं. मुख्य फाइलमधून पुसलेलं काम तिथे अनेकदा मिळतं.

उतरवलेली `.prproj` फाइल पूर्ण आहे का हे मॅक किंवा लिनक्सवर असं कळतं:

```
gzip -t < film.prproj
```

काहीच छापून आलं नाही तर आवळलेला डेटा शाबूत आहे. चूक दाखवली तर फाइल अर्धवट आहे, तिच्यावर वेळ घालवू नका, आधीची आवृत्ती घ्या.

दोन चांगल्या आवृत्त्या हाती आल्या की जोडणी हातानेच करावी लागते. वरच्या उदाहरणात मी ध्वनीवालीची फाइल पाया म्हणून घेईन, कारण ध्वनीत बारीकसारीक बदल जास्त असतात. मग `File > Import` मधून रंगवाल्याची `.prproj` निवडून फक्त त्याच्या शेवटच्या भागाची सिक्वेन्स आत आणेन. क्लिप दुहेरी दिसतील, ते नंतर आवरता येतं. इनडिझाइनमध्ये पानं एका दस्तऐवजातून दुसऱ्यात हलवता येतात, फोटोशॉपमध्ये थर. हे सोपं तेव्हाच असतं जेव्हा दोघांनी वेगवेगळ्या भागांवर काम केलेलं असतं. एकाच टाइमलाइनवर दोघांनी काटछाट केली असेल तर बसून, पडद्याला पडदा लावून, एकेक कट बघावा लागतो.

तपासणी ३: सॉफ्टवेअरचं स्वतःचं लॉक चालू आहे का, आणि ते पलीकडे पोचतं का

प्रीमियरमध्ये `Preferences` मधल्या `Collaboration` विभागात प्रोजेक्ट लॉकिंग चालू करता येतं. मग प्रोजेक्ट उघडताच शेजारी `.prlock` फाइल तयार होते आणि दुसऱ्याला प्रोजेक्ट फक्त वाचण्यासाठी उघडतो. इनडिझाइन `.idlk` फाइल बनवतं, ऑटोकॅड `.dwl`. या सोयी मुख्यतः एकाच सर्व्हरवरून फाइल उघडणाऱ्यांसाठी आहेत. तिथे लॉकची फाइल बनली की त्याच क्षणी सगळ्यांना दिसते.

सिंक फोल्डरमध्ये मात्र लॉकची फाइलसुद्धा एक फाइलच. तिलाही वर जाऊन खाली यावं लागतं. म्हणून चाचणी करा: एकाने प्रोजेक्ट उघडायचा, दुसऱ्याने फोल्डरकडे बघत बसायचं आणि लॉकची फाइल किती वेळात येते ते मोजायचं. काही वेळा ती येतच नाही. ड्रॉपबॉक्स `~$` किंवा `.~` ने सुरू होणाऱ्या फाइली तात्पुरत्या समजून सोडून देतं, आणि लिबरऑफिसच्या लॉकचं नाव नेमकं `.~lock.` ने सुरू होतं.

येत असली तरी दोन भोकं राहतात. पहिलं उघडतानाचं: लॉक पोचायच्या आत दुसऱ्याने उघडलं तर दोघेही आत. हे बहुतेकांच्या लक्षात येतं. दुसरं बंद करतानाचं आहे, आणि ते जास्त फसवतं. १.५ जीबीची `.psb` फाइल सेकंदाला २० मेगाबिट वेगाने वर चढायला दहा मिनिटं लागतात. लॉकची फाइल काही बाइटची, ती पुसल्याची बातमी क्षणात पोचते. पलीकडच्याला दिसतं, लॉक गेलं, चला. तो उघडतो ती जुनी फाइल. दोघांनी शिस्त पाळली तरी काम हरवतं. त्यामुळे सिंक फोल्डरमध्ये लॉक उघडण्याची वेळ म्हणजे सॉफ्टवेअर बंद केल्याची वेळ नव्हे. अपलोड पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबायचं, आणि घेणाऱ्यानेही आपल्याकडे फाइल पूर्ण उतरली का ते आकार बघून ठरवायचं.

कधी कधी उलट होतं: संगणक बंद पडला आणि लॉकची फाइल मागे राहिली. ती पुसायला हरकत नाही, पण ज्याच्या नावाचं लॉक आहे त्याच्याशी बोलल्यानंतरच. त्याच्याकडे सॉफ्टवेअर खरंच बंद आहे ना, सिंक पूर्ण आहे ना, हे विचारा. समोरचा जेवायला गेलाय आणि प्रोजेक्ट उघडा आहे, अशा वेळी लॉक पुसलं की पुन्हा ११:१० ची गोष्ट.

तपासणी ४: लॉक सेवेच्या बाजूला न्या

लॉकची नोंद एकाच जागी, सर्व्हरवर असेल तर वरची भोकं बरीच बुजतात. कारण ‘फाइल कुणाकडे आहे?’ याचं उत्तर प्रवास करत नाही, विचारणारा तिथे जाऊन बघतो. शेअरपॉइंटमध्ये यासाठी `Check out` आहे. ड्रॉपबॉक्सच्या काही सशुल्क योजनांमध्ये आणि बॉक्समध्ये फाइल लॉक करता येते. नेक्स्टक्लाउडमध्ये त्यासाठी वेगळं अ‍ॅप आहे. तुमच्या योजनेत ही सोय असेल तर आजच वापरायला लागा.

तरीही चाचणी करून बघा. लॉक लावल्यावर दुसऱ्याच्या डिस्कवरची फाइल खरोखर फक्त वाचण्यापुरती होते, की तो सेव्ह करू शकतो आणि फक्त अपलोड अडतं? दुसरा प्रकार असेल तर तो तासभर काम करेल आणि मग त्याला कळेल. कटकटीचं आहे, पण निदान काम पुसलं तरी जाणार नाही.

डिझाइन फाइलींसाठी गिट वापरणारे गट असतील तर गिट एलएफएसचं लॉकिंग मला यातलं सगळ्यात स्पष्ट वाटतं:

```
git lfs track "*.psb" --lockable
git lfs lock poster.psb
git lfs unlock poster.psb
```

पहिल्या ओळीनंतर `.gitattributes` कमिट करा. त्यानंतर लॉक घेतल्याशिवाय त्या फाइली डिस्कवर फक्त वाचण्यापुरत्या राहतात. सॉफ्टवेअर सेव्ह करायलाच नकार देतं आणि माणसाला तिथल्या तिथे आठवण होते. `unlock` मात्र पुश झाल्यावरच. आणि गिटचं रिपॉझिटरी सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका, नाहीतर हाच बिघाड त्याच्या आतल्या फाइलींना होईल.

यातलं काहीच शक्य नसेल तर माणसांनी लॉक सांभाळायचं. दोघांच्या गप्पांच्या गटात ‘घेतला’ आणि ‘वर चढला, सोडला’ असे दोन संदेश. ‘सोडला’ अपलोडनंतरच लिहायचं. दोन माणसांत हे चालतं. तिसरा आला की मोडतं, असं मी पाहिलं आहे.

तपासणी ५: काय सिंक करायचं ते वेगळं करा

हा बदल मेहनतीचा आहे, पण एकदा केला की तक्रारी थांबतात. कॅमेऱ्याचे मूळ क्लिप, संगीत, फॉन्ट, छायाचित्रं या फाइली एकदा आल्या की कुणी बदलत नाही. त्या सिंक फोल्डरमधून खुशाल फिरू द्या, दोन्हीकडे एकाच मार्गावर. धोका फक्त बदलत्या फाइलीला, म्हणजे प्रोजेक्टला आहे. तेवढी एक सामायिक सर्व्हरवर ठेवा आणि दोघांनीही ती तिथूनच उघडा, आपल्या डिस्कवर उतरवून नाही. तोच सर्व्हर-फोल्डर पुन्हा कुठल्या सिंक सेवेला जोडू नका.

त्याच वेळी मोठा प्रोजेक्ट फोडा. प्रीमियरमध्ये २०२० पासून प्रॉडक्शन्स आहे. त्यात एका कामाचे अनेक छोटे प्रोजेक्ट होतात आणि प्रत्येकाला वेगळं लॉक मिळतं. ध्वनीवाली पहिल्या भागाचा प्रोजेक्ट धरते, रंगवाला शेवटच्या, आणि एकमेकांचा भाग दोघांनाही बघता येतो. त्यालाही सामायिक स्टोरेज लागतं. फोटोशॉपमध्ये मोठ्या फाइलीतले तुकडे लिंक केलेले स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून वेगळ्या फाइलींत काढता येतात. नुसतं लॉक लावलं की एकजण बसून राहतो. फोडल्यावर दोघेही एकाच वेळी काम करू शकतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- काम आवृत्ती-इतिहासातही नाही आणि ऑटोसेव्हमध्येही नाही. त्या डिस्कवर काही नवीन लिहू नका, संगणक बंद करा आणि डेटा परत मिळवणाऱ्याकडे न्या. एसएसडीवर पुसलेली जागा आपोआप साफ होते, त्यामुळे तिथे आशा कमी असते आणि उशीर केला की उरतही नाही.
- फायनल कट प्रोची लायब्ररी सिंक फोल्डरमध्ये होती आणि आता उघडत नाही. ती एक फाइल दिसली तरी आत डेटाबेससह अनेक फाइली असतात, आणि सिंकने त्यातल्या काही एकाच्या, काही दुसऱ्याच्या घेतलेल्या असू शकतात. आत शिरून फाइली हलवू नका. अख्ख्या लायब्ररीची प्रत काढा आणि ती प्रतच दुरुस्तीला द्या.
- दोन्ही आवृत्त्यांत एकाच टाइमलाइनवर बरंच वेगळं काम आहे आणि सुपूर्त करायची तारीख जवळ आली आहे. अनुभवी सहायक संपादकाला दोन्ही फाइली द्या. घाईत जोडताना तिसरी, आणखी गोंधळलेली आवृत्ती तयार होते.
- सामायिक सर्व्हर बाहेरगावच्या माणसांसाठीही उघडायचा आहे. ते नेटवर्क सांभाळणाऱ्याचं काम. फाइल शेअरिंग थेट इंटरनेटवर उघडं करू नका. त्याच्याकडून व्हीपीएन लावून घ्या, आणि लॉक दोन्हीकडून धरतं का याची चाचणी तुमच्या समोर करायला लावा.